मुलाखतीत वेगळंच काम समोर आलं, तर मॅनेजरला काय विचारावं?

प्रश्न: डेटा अ‍ॅनालिस्टच्या पदासाठी अर्ज केला होता. जाहिरातीत एसक्यूएल, डॅशबोर्ड, विक्रीचे अंदाज असं काम लिहिलं होतं. मुलाखत मात्र जवळजवळ पूर्ण व्हेंडरचा पाठपुरावा, बिलांमधले घोळ आणि रोजचे रिपोर्ट पाठवणं यावरच झाली. पुढच्या आठवड्यात दुसरा राउंड आहे. हायरिंग मॅनेजरना "काम बदललंय का" असं सरळ विचारू का? की त्यांना वाटेल, ही आत्तापासूनच कटकट करतेय?

उत्तर:

विचारा, आणि दुसऱ्या राउंडच्या आधीच विचारा. फक्त "काम बदललंय का" या शब्दांत नको. मी भरतीच्या कामात बरीच वर्षं आहे. आधी रिक्रूटर होतो, आता स्वतःच्या टीमसाठी माणसं घेतो. या प्रश्नाला उपयोगी पडेल असं उत्तर मिळालेलं मी क्वचितच पाहिलंय. समोरचा खोटं बोलतो असं नाही. प्रश्नाची ठेवणच अशी आहे की प्रामाणिक माणसाच्याही तोंडून "नाही, रोल तोच आहे" असंच येतं.

त्याचं कारण जेडी, म्हणजे पदाच्या कामाचं लेखी वर्णन, कसं तयार होतं त्यात आहे. नवं पद भरायचं तर मॅनेजरला आधी वरून मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीच्या अर्जात पदाचं नाव, ग्रेड, बजेट आणि कामाचं वर्णन भरायचं असतं. हे वर्णन बसून नव्याने लिहिणारे मॅनेजर थोडे. बहुतेक जण मागच्या वेळची जेडी काढतात, दोन ओळी बदलतात आणि पुढे पाठवतात. मंजुरी येईपर्यंत, जाहिरात लागेपर्यंत आणि तुमची मुलाखत होईपर्यंत मध्ये बराच काळ जातो. तेवढ्यात टीममधलं कुणी तरी सोडून जातं, त्याची जागा भरायला परवानगी मिळत नाही आणि ते काम रिकाम्या खुर्चीकडे सरकतं. ती रिकामी खुर्ची म्हणजे तुम्ही अर्ज केलेलं पद. मॅनेजरच्या डोक्यात मात्र पद बदललेलं नसतंच. खुर्ची तीच, बजेट तेच, फक्त "थोडं इकडचंही बघायचंय".

दुसरं कारण जरा आतलं आहे. मॅनेजरने "हो, काम बदललंय" असं लिहून दिलं, तर एचआर विचारू शकतं की मग ग्रेड तीच कशी, मंजुरी पुन्हा घ्यायला नको का? एकदा मिळालेली मंजुरी कुणीही हौसेने परत पाठवत नाही, कारण ती परत येईलच याची खात्री नसते. म्हणून कागदाबद्दल विचारलंत तर मॅनेजर कागदाचीच बाजू घेणार. कामाबद्दल विचारलंत तर तोच माणूस मोकळेपणाने बोलतो.

पण विचारण्याआधी एक गोष्ट करा. मुलाखत अजून ताजी आहे तोवर, आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढा आणि प्रत्येकासमोर तो कुणी विचारला ते लिहा. विसंगती खरी आहे की भासते आहे, हे इथेच बरंचसं कळतं.

व्हेंडर आणि बिलांचे प्रश्न जर मॅनेजरने नव्हे तर पॅनेलवरच्या दुसऱ्या कुणी विचारले असतील, समजा ऑपरेशन्स किंवा अकाउंट्सच्या माणसाने, तर तो स्वतःच्या गरजेतून विचारत होता असं असू शकतं. पॅनेलवर बाहेरच्या टीमचा माणूस बसवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि त्याला जेडी वाचायला मिळालेली असतेच असं नाही. तो आपलं रोजचं दुखणं घेऊन येतो. तेच प्रश्न खुद्द मॅनेजरने विचारले असतील तर गोष्ट वेगळी.

प्रश्न कसे होते हेही पाहा. "व्हेंडरने उत्तरच दिलं नाही तर काय कराल?" हा सर्वसाधारण प्रश्न आहे, कुठल्याही पदाला विचारतात. "आमच्याकडे तीन महिन्यांची बिलं जुळवायची राहिलीत, ती कशी हाताळाल?" असं विचारलं असेल, तर ते काम टेबलावर पडून आहे आणि ते कुणी करायचं हे बहुधा ठरलेलं आहे.

आणि एक सावधगिरी. मुलाखतीत एखाद्या विषयाला जेवढा वेळ मिळाला, तेवढाच तो कामात असेल असं समजू नका. मॅनेजर पूर्वी जिथे पोळलेला असतो तिथेच जास्त खोदतो. आधीचा अ‍ॅनालिस्ट एसक्यूएलमध्ये पक्का होता पण लोकांशी बोलायला कचरायचा, अशी परिस्थिती असेल, तर पुढच्या उमेदवाराची अर्धी मुलाखत पाठपुराव्यावरच होते. कामात तो भाग आठवड्याला दोन-तीन तासांचा निघतो. मी स्वतः अशा मुलाखती घेतल्या आहेत, आणि त्यातून उमेदवार चुकीचा अंदाज घेऊन बाहेर पडत असणार हे मला दिसतं. एसक्यूएलची चाचणी तुमची आधी ऑनलाइन झाली असेल, तर मुलाखतीत तो विषय न निघणंही साहजिकच आहे. म्हणून "मला फसवलं" या सुरापर्यंत जायचं नाही. तुमच्याकडे सध्या आहे ती शंका, आणि ती फिटायला थोडी माहिती लागते.

याच वेळी जाहिरातीची प्रत सेव्ह करून ठेवा. पद भरत आलं की जाहिरात काढून टाकतात, मग "त्यात काय लिहिलं होतं" यावर तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द एवढंच उरतं. अर्ज एजन्सीमार्फत केला असेल तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरची जाहिरातही शोधा. एजन्सीवाले वर्णन आकर्षक करून लिहितात, आणि कधी कधी सगळी विसंगती तिथूनच आलेली असते.

आता प्रत्यक्ष विचारणं. मॅनेजरशी दहा-पंधरा मिनिटं फोनवर बोलायला मिळालं तर उत्तम. फोनवर माणसं जे सांगतात ते ईमेलमध्ये लिहीत नाहीत, वर सांगितलेल्या मंजुरीच्या कारणामुळे तर नाहीच. ईमेल फक्त वेळ मागण्यापुरता ठेवा आणि रिक्रूटरला कॉपीत ठेवा. त्याला वगळून थेट मॅनेजरला लिहिलंत तर तो दुखावतो. पुढे पगाराची बोलणी त्याच्याशीच करायची आहेत, हे लक्षात असू द्या. मॅनेजरचा ईमेल तुमच्याकडे नसेल तर रिक्रूटरलाच सांगा की बोलणं घडवून द्या. त्यालाच सगळं विचारून मोकळं व्हावंसं वाटेल, पण त्याच्याकडे बहुतेक वेळा तीच जेडी असते जी तुमच्याकडे आहे, आणि तो तीच वाचून दाखवेल.

ईमेल साधारण असा असू दे:

"नमस्कार. परवाच्या मुलाखतीबद्दल आभार. बोलण्यातून व्हेंडर समन्वय आणि बिलांची जुळवणी हा कामाचा महत्त्वाचा भाग असल्याचं लक्षात आलं. जाहिरातीत डॅशबोर्ड आणि विक्रीच्या अंदाजांवर भर होता. दुसऱ्या राउंडची तयारी नीट करता यावी म्हणून या दोन्हींचं प्रत्यक्ष प्रमाण कसं आहे ते समजून घ्यायला आवडेल. या आठवड्यात फोनवर दहा मिनिटं मिळू शकतील का?"

यात "बदललं" हा शब्द नाही, तरी फरक स्पष्ट नोंदवलेला आहे. जाहिरात आणि मुलाखत शेजारी शेजारी ठेवली आहेत, निष्कर्ष मॅनेजरवर सोडला आहे. खरोखर काही बदललं असेल तर तो आपणहून सांगेल: "हो, त्याचं काय झालं, आमचा एक जण गेला..." तयारीचं कारण दिलंय तेही खरंच आहे. ते नुसतं निमित्त वाटू नये यासाठी दुसऱ्या राउंडला ते उत्तर वापराही.

फोनवर तीन प्रश्न पुरतात. पहिला: "पहिल्या तीन महिन्यांत या पदावरच्या माणसाने काय काय पूर्ण केलेलं तुम्हाला हवंय?" इथे मॅनेजरला जेडी आठवत नाही, स्वतःची डोकेदुखी आठवते. तो जे पहिलं बोलेल ते खरं काम. दुसरा: "साधारण आठवड्यात समन्वय किती आणि विश्लेषण किती?" टक्केवारीत उत्तर आलं नाही तर दिवसांत मागा, म्हणजे पाचांपैकी किती दिवस कशाला. तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो: "बिलांची जुळवणी सध्या कोण करतंय, आणि मी आल्यावर ते काम त्यांच्याकडे राहणार का?"

या तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर देणं अवघड जातं. "अकाउंट्समध्ये एक जण आहे, तुम्ही फक्त आकडे द्यायचे" असं उत्तर आलं तर निश्चिंत व्हा. "सध्या मीच कसंबसं करतोय" आलं तर ते काम तुमच्याकडे येणार हे नक्की, कारण मॅनेजर ते हातावेगळं करायला टपलेला असतो. "टीम मिळून बघते" याचा अर्थ बहुधा असा की त्याला मालक नाही, आणि मालक नसलेलं काम नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. "आमची टीम लहान आहे, सगळ्यांना सगळं करावं लागतं" हेही उत्तर ऐकायला मिळेल. लहान टीममध्ये ते खरं असतं, पण तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. तेव्हा शांतपणे पुन्हा विचारा, "हो, ते समजलं. गेल्या महिन्यात या कामाला साधारण किती वेळ गेला असेल?"

मी रिक्रूटर असतानाचं एक प्रकरण सांगतो, कारण ते तुमच्यासारखंच होतं. पद अ‍ॅनालिस्टचं. उमेदवार बाई आधीच्या नोकरीत चांगल्या रुळलेल्या. मुलाखत झाली आणि त्यांनी मला फोन करून सांगितलं की मला मॅनेजरशी थोडं बोलायचंय. बोलताना त्यांनी कामाच्या वाटणीबद्दल विचारलं. मॅनेजरने मोकळेपणाने सांगितलं की टीममधला समन्वयक सोडून गेलाय, त्याची जागा पुढच्या बजेटपर्यंत गोठवली आहे, आणि तोवर पाचांपैकी तीन दिवस ते काम या पदाकडे राहील. मलाही हे तेव्हाच कळलं. माझ्याकडच्या कागदावर त्यातलं काहीच नव्हतं.

बाईंनी हो किंवा नाही न म्हणता विचारलं, "पुढच्या बजेटमध्ये ती जागा मागितली आहे का, की मागायची आहे?" मॅनेजर थांबला आणि म्हणाला, मागायची आहे. इथे सगळं चित्र स्पष्ट झालं. मागितलेली आणि मंजुरीच्या रांगेत असलेली जागा वेगळी, आणि मनात असलेली वेगळी. मग त्यांनी आपली बाजू मांडली: तीन दिवस समन्वय चालेल, पण सहा महिन्यांपुरता. त्यानंतर जागा भरली नाही तरी प्रमाण निम्म्यावर यावं. आणि पहिल्या सहा महिन्यांच्या उद्दिष्टांत विक्रीच्या अंदाजाचं एक काम लिहून असावं. पगार त्यांनी वाढवून मागितला नाही. उद्दिष्टांचा मुद्दा सगळ्यात शहाणपणाचा होता, का ते पुढे सांगतो. मॅनेजरने ईमेलवर तिन्ही गोष्टी मान्य केल्या आणि त्या रुजू झाल्या. सहा महिन्यांनी समन्वयकाची जागा आली नव्हती. पण अंदाजाचं काम उद्दिष्टांत होतं म्हणून ते त्यांच्याच हातात राहिलं, आणि समन्वयाचा एक भाग मॅनेजरला दुसऱ्याकडे द्यावा लागला. पूर्ण जमलं असं नाही, पण नुसत्या तोंडी आश्वासनावर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

लेखी घेण्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. ऑफर लेटरमध्ये काम लिहिलेलं असेल असं त्यांना वाटतं. बहुतेक ऑफर लेटरमध्ये डेझिग्नेशन, पगार, ठिकाण, कुणाला रिपोर्ट करायचं आणि नोटीस पिरियड असतो. कामाचं वर्णन एक तर नसतंच, किंवा शेवटी "आणि वेळोवेळी सोपवण्यात येतील ती इतर कामे" ही ओळ असते, आणि त्या ओळीत काहीही बसतं. ती ओळ काढून घ्यायला जाऊ नका, कुणी काढणार नाही. त्याऐवजी फोन झाल्यावर त्याच दिवशी तुम्हीच मॅनेजरला चार ओळींचा ईमेल करा: "आपल्या बोलण्यातून मला असं समजलं की... यात काही चुकलं असल्यास सांगा." तुम्ही लिहिलेलं असल्यामुळे त्याला काही कबूल करावं लागत नाही, नुसतं "बरोबर आहे" म्हणायचं असतं. एवढं तो सहज म्हणतो. अजिबात उत्तर आलं नाही तर ऑफर स्वीकारण्याआधी एकदा आठवण करा. तरीही गप्प राहिला, तर तुम्ही लिहिलेलं त्याला मान्य नाही असं धरून चाला.

त्या ईमेलने काम बांधलं जातं का? नाही. मॅनेजर बदलला की नव्याला त्याचं काही वाटेलच असं नाही. म्हणून मी उद्दिष्टांवर जोर देतो. प्रोबेशनच्या शेवटी आणि वर्षाअखेरीस तुमचं मोजमाप उद्दिष्टांवर होतं, जेडी तेव्हा कुणी उघडत नाही. सगळी उद्दिष्टं समन्वयाची असतील तर तुम्ही कागदावर अ‍ॅनालिस्ट असूनही कामाने समन्वयक ठरता, आणि पुढच्या नोकरीला सांगण्यासारखं विश्लेषणाचं काहीच साठत नाही. त्या बाईंनी पगाराऐवजी उद्दिष्टात एक ओळ मागितली ती यासाठी.

तुम्हाला सगळ्यात मोठी भीती "कटकटी" वाटण्याची आहे. टेबलाच्या या बाजूने सांगतो. कामाच्या प्रमाणाबद्दल विचारणारा उमेदवार मला कटकटी वाटत नाही, त्याने जाहिरात वाचलीय एवढंच कळतं. खटकतं ते वेगळं. ऑफर स्वीकारून, नोटीस देऊन झाल्यावर हाच प्रश्न येतो तेव्हा खटकतं, कारण तोवर बाकीचे उमेदवार आम्ही सोडलेले असतात. रिक्रूटर, मॅनेजर आणि पॅनेल अशा तिघांना वेगवेगळं विचारून उत्तरं ताडून पाहिली जातात तेव्हाही खटकतं, आणि ते आमच्यापर्यंत पोहोचतंच. दहा मिनिटांच्या साध्या प्रश्नावर मॅनेजर चिडला किंवा "आधी सिलेक्ट तर व्हा" म्हणाला, तर मी त्या चिडण्याकडे लक्ष दिलं असतं. जो माणूस आता कामाबद्दल बोलत नाही, तो रुजू झाल्यावर "हे माझ्याकडे का आलं" याचंही उत्तर देणार नाही.

अर्थात हे किती ताणायचं ते तुमच्या स्थितीवर आहे. हातात नोकरी असेल तर तिन्ही प्रश्न विचारा आणि उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या राउंडला न जाणं हाही मार्ग आहे. नोकरी नसेल आणि ही संधी सोडता येत नसेल, तरी विचारा, पण फक्त पहिला आणि तिसरा. वाटाघाट ऑफर हातात आल्यावर करा, कारण दुसऱ्या राउंडआधी तुमच्याकडे घासाघीस करण्याजोगं काहीच नसतं. आणि प्रमाण पाचांपैकी एक दिवस एवढंच निघालं तर विषय तिथेच सोडा. प्रत्येक अ‍ॅनालिस्टच्या कामात तेवढा पाठपुरावा असतोच, तो जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

समजा फोनसाठी वेळच मिळाला नाही. मॅनेजर प्रवासात आहेत, रिक्रूटर "राउंडमध्येच विचारा" म्हणतो. मग दुसऱ्या राउंडच्या शेवटी, "तुमचे काही प्रश्न?" असं विचारतील तेव्हा पहिलाच प्रश्न पहिल्या तीन महिन्यांचा घ्या. तो पॅनेलवरच्या सगळ्यांसमोर विचारायचा, आणि कोण आधी बोलतं ते पाहायचं. मॅनेजर एक सांगतोय आणि शेजारचा भलतंच, असं झालं तर त्या कामाबद्दल त्यांचं आपसातच अजून ठरलेलं नाही. तसं झालं तर बिलांचा प्रश्न तिथे काढू नका, सगळ्यांसमोर मॅनेजरला अडचणीत आणून हाती काही लागत नाही. राउंड संपल्यावर वर दिलेलाच ईमेल पाठवा, फक्त तयारीच्या ओळीऐवजी "निर्णय घेण्याआधी" एवढं लिहा.